सात पत्ते, एकही मोठा नाही

मी टॅरोचे पत्ते पाहायला गेले हे वडिलांना कळलं असतं तर ते रागावले नसते. फक्त आठ दिवस माझ्याशी बोलले नसते. आमच्या घरात पंचांग नव्हतं. आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली त्याच आठवड्यात ते घराबाहेर गेलं आणि त्याच्यासोबत पत्रिका, मुहूर्त, साडेसाती सगळंच गेलं. वडील महसूल खात्यात कारकून होते. शेजारपाजारचं कुणी नशिबाला बोल लावायला लागलं की ते हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवत आणि शांतपणे विचारत, "तुम्ही स्वतः काय केलं ते सांगा." त्यांच्या त्या प्रश्नापुढे कुणी फार वेळ टिकत नसे.

माझं लग्नही असंच झालं. पांढरी साडी, वंदना, दोन्हीकडची माणसं, जेवण. पत्रिका कुणी मागितली नाही, कारण कुणाकडे नव्हतीच. मुलगा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात होता, शांत होता, व्यसन नव्हतं. मी लग्नानंतर लोणी काळभोरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. खडकीच्या क्वार्टरमधून सकाळी साडेसातला निघायचं, दोन बस बदलायच्या, संध्याकाळी तसंच परत. अशी चौदा वर्षं झाली.

मूल झालं नाही. त्याचं दुःख आम्ही सुरुवातीच्या वर्षांत दोघांनी मिळून केलं होतं, म्हणून ते तितकं खुपलं नाही. नंतर नवऱ्याच्या आईला अर्धांगवायू झाला आणि त्या सव्वादोन वर्षं आमच्याकडे अंथरुणावर होत्या. मी सकाळची पाळी करायची, त्यानं दुपारनंतरची. दिवसा एक बाई यायची. आम्ही भिंतीवर एक तक्ता लावला होता, औषध, कूस बदलणं, खाणं, सगळं त्यात लिहायचं. त्या काळात आमचं बहुतेक बोलणं त्या तक्त्यावरच झालं. त्या गेल्या, तक्ता निघाला, आणि बोलणं परत आलंच नाही.

भांडण नव्हतं, हे मला आधीच सांगून ठेवायचं आहे, कारण पुढे प्रत्येकानं तेच विचारलं. आम्ही फ्रिजवर चिठ्ठ्या लावायचो. 'उद्या पाणी नाही.' 'सिलिंडर लावला.' एकमेकांचा डबा भरायचो. तो टीव्ही बघताना मी आत पुस्तक वाचायची, मी बाहेर आले की तो आत जाऊन झोपायचा. असं एक वर्ष गेलं, मग दुसरं, मग तिसरं.

बसमध्ये मी फोनवर टॅरोचे व्हिडिओ पाहायला लागले ते याच दिवसांत. आधी गंमत म्हणून. दोन-तीन मुली होत्या, झगमगत्या पडद्यासमोर बसून प्रेमाबद्दल पत्ते उलटायच्या. ऐकून ऐकून मला त्यातले बावीस मोठे पत्ते पाठ झाले. त्यांना मेजर आर्काना म्हणतात. प्रेमी युगुल, सैतान, मृत्यू, न्याय, नशिबाचं चाक, वीज पडून कोसळणारा मनोरा. कुणाच्या पत्त्यांत मनोरा आला की ती मुलगी डोळे मोठे करून सांगायची, आता सगळं हादरणार. ते ऐकताना मला हेवा वाटायचा. आमच्याकडेही काहीतरी हादरावं असं मला वाटायचं. सैतान निघाला असता तरी चाललं असतं. निदान 'हे असं होतं म्हणून असं झालं' असं म्हणता आलं असतं.

ग्रंथालयातल्या माझ्या सहकारी मैत्रिणीनं येरवड्याच्या एका बाईंचा पत्ता दिला. ती स्वतः मुलीच्या लग्नाच्या वेळी जाऊन आली होती. म्हणाली, त्या गोडगोड बोलत नाहीत, मनाची तयारी ठेवून जा.

शनिवारी दुपारी कॉलेज लवकर सुटायचं. मी घरी न कळवता येरवड्याला उतरले. पहिल्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, दारात चपला नीट ओळीनं लावलेल्या. बाई पासष्टच्या आसपासच्या, सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. खोलीत ना मेणबत्ती, ना अगरबत्ती, ना कसला स्फटिक. जेवणाच्या टेबलावर एक निळं सुती कापड आणि त्यावर वापरून कडा मऊ झालेला पत्त्यांचा जोड. मी त्यांना काकू म्हटलं. त्यांनी मला पाणी दिलं आणि प्रश्न विचारायला सांगितलं.

मी म्हटलं, "नवऱ्याचं माझ्यावर प्रेम आहे का, ते बघायचंय."

"त्यांच्या मनात काय आहे ते मी येरवड्यात बसून कसं सांगणार? ते इथे आलेले नाहीत. तुम्ही आला आहात. स्वतःबद्दल विचारा."

शेवटी प्रश्न असा ठरला: आमच्या नात्यात काय चाललंय आणि मी काय करू शकते. त्यांनी जोड माझ्या हातात दिला, पिसायला सांगितला, मग त्याचे तीन भाग करायला लावले आणि ते परत एकावर एक ठेवले. सात पत्ते काढणार असं त्यांनी आधीच सांगितलं आणि प्रत्येक जागेचा अर्थही पत्ता उघडण्याआधी सांगितला. पहिली जागा माझी. दुसरी त्याची. तिसरी दोघांच्या मधली. चौथी, हे कुठून सुरू झालं. पाचवी, मला न दिसणारं. सहावी, मी काय करू शकते. सातवी, सगळं आहे तसंच चालू राहिलं तर कुठे जाईल. नंतर अर्थ बदलायची सोय राहू नये म्हणून आधी सांगते, म्हणाल्या.

मग त्यांनी एकेक पत्ता उलटला. माझ्या जागी पेल्यांची चौकडी निघाली. झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला माणूस, समोर तीन पेले, ढगातून एक हात चौथा पेला पुढे करतोय आणि हा तिकडे बघतच नाही. त्याच्या जागी नाण्यांची अठ्ठी, बाकावर बसून एकेक नाणं ठोकणारा कारागीर. मधल्या जागी तलवारींची दुक्की, डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, छातीपुढे दोन तलवारींची फुली. सुरुवातीच्या जागी नाण्यांची पंजी. बर्फात चाललेली दोन फाटकी माणसं, त्यातला एक कुबड्या घेतलेला, आणि शेजारी उजेड असलेली खिडकी. न दिसणाऱ्या जागी नाण्यांची चौकडी, एक नाणं छातीशी घट्ट धरून बसलेला माणूस, दोन पायांखाली, एक डोक्यावर. सहाव्या जागी पेल्यांचा पेज, म्हणजे हातात पेला घेऊन उभा असलेला कोवळा पोरगा, त्याच्या पेल्यातून एक मासा डोकं वर काढतोय. शेवटी पेल्यांची अठ्ठी. आठ पेले नीट रचून ठेवलेले आणि त्यांच्याकडे पाठ करून काठी टेकत निघालेला माणूस. वर चंद्र.

चंद्र दिसल्याबरोबर मी बोट ठेवलं. चंद्र हा मोठ्या बावीसमधला पत्ता आहे हे मला माहीत होतं.

"तो चंद्र वेगळा," काकू म्हणाल्या. "ही पेल्यांची अठ्ठी आहे. चित्रात चंद्र आहे एवढंच. तसा त्या पट्टीवाल्या बाईच्या मागेही आहे, बघा."

मी सातही पत्ते परत पाहिले. "मग मोठा एकही नाही?"

"एकही नाही."

मला वाटलं, या जोडात मोठे पत्ते नसतीलच. मी तसं बोलूनही गेले. त्यांना राग आला नाही. उरलेले एकाहत्तर पत्ते त्यांनी टेबलावर उताणे पसरले आणि मला मोजायला लावले. बावीसच्या बावीस तिथे होते. मनोरा होता, सैतान होता, प्रेमी युगुल होतं. माझ्या वाट्याला आले नव्हते इतकंच.

"म्हणजे आमच्यात काही उरलंच नाही, असं समजायचं का?" मी विचारलं.

त्यांनी पसरलेले पत्ते गोळा केले. मग सांगायला लागल्या. त्या बराच वेळ बोलल्या आणि त्यातलं बहुतेक मला आजही आठवतं. मोठे बावीस पत्ते म्हणजे आयुष्याची मोठी वळणं, ज्यात माणसाचं स्वतःचं फार चालत नाही. प्रेमाच्या प्रश्नात ते बरेच निघाले तर समजायचं की इथे माणसांपेक्षा मोठं काहीतरी वाहतंय, तुम्ही त्यात ओढले जाताय. छोटे छप्पन्न म्हणजे सोमवार ते शनिवार. कोण काय बोललं, कोण थकलं, कुणी ताट उचललं नाही. ज्या प्रेमाच्या प्रश्नात फक्त हेच निघतात तिथे काही जण सांगतात की हे नातं विधिलिखित नाही, वरवरचं आहे, सोडून द्या. काकूंना ते मान्य नव्हतं. मोठा पत्ता नाही म्हणून प्रेम खोटं होत नाही, त्या म्हणाल्या, आणि दुखणंही लहान होत नाही. अर्थ इतकाच की हे दुखणं सवयींचं आहे. सवयी बदलल्या तर लवकर बदलतं, म्हणून पत्त्यांचं असं वाचन दोन-तीन महिन्यांपलीकडे धरून चालायचं नाही. सवयी नाही बदलल्या तर ते तसंच राहतं, आणि त्याचा दोष कशावरही टाकता येत नाही.

मोठे पत्ते नसले की त्या तीन गोष्टी बघत: कुठला रंग जास्त, कुठला रंग नाहीच, कुठले आकडे परत परत आलेत. माझ्याकडे पेले तीन आणि नाणी तीन. पेले म्हणजे मन, नाणी म्हणजे काम, घर, शरीर. "मन तुमच्याकडे, काम त्यांच्याकडे," त्या म्हणाल्या. तलवार एकच, तीही म्यान केल्यासारखी, कारण दुक्कीतली बाई कुणावर वार करत नाही, नुसती अडवून बसली आहे. दोन चौकड्या म्हणजे थांबलेपण, दोघंही आपापल्या जागी घट्ट. दोन अठ्ठ्या म्हणजे कष्ट, पण त्याचे कष्ट बाकावर बसून चाललेले आणि माझे निघून जाण्याकडे.

"आणि काठ्या?" त्यांनी मला विचारलं. "चौथा रंग काठ्यांचा. तो एकही नाही. काठ्या म्हणजे धग. ओढ, ईर्ष्या, भांडण, सगळं त्यात येतं. तुम्ही भांडता का?"

"नाही."

"शेवटचं कधी भांडलात?"

मला आठवलं नाही. त्यांनी मान हलवली, दवाखान्यात एखाद्या पेशंटचा रिपोर्ट वाचून हलवतात तशी.

नाण्यांच्या पंजीवर त्यांनी जास्त वेळ घेतला. आजारपण होतं का घरात, विचारलं. मी सासूबाईंचं सांगितलं. त्यांनी चित्रातली दोन माणसं दाखवली. दोघं एकाच थंडीत आहेत, एकाच वाटेनं चालली आहेत, पण मागेपुढे. कुणी कुणाचा हात धरलेला नाही. मला तिथेच रडू आलं. त्यांनी माझं रडणं थांबवलं नाही, पदर-रुमाल काही पुढे केला नाही, फक्त पंखा एकनं कमी केला.

"तुमच्या नवऱ्यानं काहीतरी घट्ट धरून ठेवलेलं दिसतंय," न दिसणाऱ्या जागेबद्दल त्या म्हणाल्या. "ते तुमच्यापासून लपवलेलं आहे की तुमच्यासाठी सांभाळलेलं आहे, हे पत्ता सांगत नाही. आणि सहावा पत्ता पेज आहे. राजा नाही, राणी नाही. म्हणून मोठं बोलणं काढायचं नाही. 'आपल्याला बोलायला हवं' असलं काही नाही. लहान काहीतरी, खरं असेल ते, सांगायचं. उत्तर आलं तर ऐकायचं. एवढंच तुमच्या हातात आहे."

निघताना त्यांनी बजावलं की याच प्रश्नावर घरी पत्ते काढत बसू नका, हवा तो पत्ता येईपर्यंत माणूस काढत राहतो.

बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि मला जी भीती वाटली ती मी कधी विसरणार नाही. नशीब नावाची गोष्ट नसते हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. ते ऐकून ऐकून कंटाळले होते म्हणून तर मी तिथे गेले होते. आणि पत्त्यांनीही तेच सांगितलं. वडिलांचाच प्रश्न, फक्त चित्रांतून. तुम्ही स्वतः काय केलं ते सांगा.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी तो गॅलरीत बूट पॉलिश करत होता. मी चहा घेऊन गेले आणि ठरवल्याप्रमाणे एक लहान खरी गोष्ट सांगितली. म्हटलं, काल मी येरवड्याला पत्ते पाहायला गेले होते. तो हसला नाही, चिडलाही नाही. पत्ते एकूण किती असतात, त्यानं विचारलं. मी सांगितलं, अठ्ठ्याहत्तर, त्यात मोठे बावीस, आणि माझ्या सातांत एकही मोठा निघाला नाही. त्यानं ब्रश खाली ठेवला, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकडेमोड केली, मग फोनवर गुणाकार केला. कारखान्यात मालाच्या ढिगातून थोडे नग काढून सगळ्या ढिगाबद्दल ठरवायचं, हेच त्याचं रोजचं काम होतं.

"शंभरात आठ-नऊ वेळा असं होणारच," तो म्हणाला. "विशेष काही नाही. नमुना फार लहान आहे."

मी कप उचलायला वाकले. तेव्हा त्यानं विचारलं, "पण तू प्रश्न काय विचारलास?"

हे मी पुन्हा पुन्हा आठवत आले आहे. त्यानं विचारलं होतं. बुटात हात घालून तो माझ्याकडे बघत होता आणि खरंच उत्तराची वाट बघत होता. मला फक्त 'आपल्याबद्दल' एवढा एक शब्द म्हणायचा होता. पण ते 'विशेष काही नाही' मला इतकं लागलं होतं की मी म्हटलं, "काही नाही. असंच, सहज."

"बरं," तो म्हणाला आणि दुसरा बूट घेतला.

त्यानंतर मी तीन महिने प्रयत्न केला असं म्हणते, पण नीट बघितलं तर त्यात सलग असे दहा दिवसही निघणार नाहीत. एकदा त्याला आवडते म्हणून कामावरून येऊन तिखट वांग्याची भाजी केली, तर तो कॅन्टीनमध्ये जेवून आला होता. मी दुखावले आणि पुढचा आठवडाभर मुद्दाम साधं वरण लावलं. एकदा त्याला बसमधली एक गंमत सांगायला लागले, त्याचा फोन वाजला, तो बोलून परत येईपर्यंत मी उठून गेले होते. तो येऊन रिकाम्या खुर्चीशी क्षणभर थांबला. मी स्वयंपाकघरातून ते पाहिलं.

त्यानंही केलं काही. माझ्या बसच्या बॅगेची चेन कित्येक महिने तुटलेली होती, मी सेफ्टीपिन लावून चालवत होते. एका गुरुवारी बसमध्ये पास काढताना लक्षात आलं की चेन नवी आहे. त्यानं कधी बदलून आणली ते मला कळलंच नव्हतं, दोन-तीन दिवस तरी झाले असावेत. आता सांगितलं तर इतके दिवस दिसलं कसं नाही असं त्याला वाटेल, म्हणून मी काहीच बोलले नाही. त्यानंही विचारलं नाही. सासूबाईंच्या आजारपणात मी त्याच्यावर मनातल्या मनात जे जे आरोप ठेवले होते त्यांपुढे ही चेन इतकी लहान होती की तिचं काय करायचं हेच मला कळेना.

आणि दिवाळीच्या साफसफाईत मला कपाटात त्याच्या फायलींखाली तो भिंतीवरचा तक्ता सापडला. मला वाटत होतं तो आम्ही फेकून दिला. त्यानं तो घडी न पडता पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवला होता. एका रकान्यात माझं अक्षर, पुढच्या रकान्यात त्याचं, पुन्हा माझं. सकाळी सहा, कूस बदलली. दुपारी तीन, भाताची पेज दिली. एका जागी, कधी लिहिलं मला माहीत नाही, माझ्या नोंदीखाली त्यानं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आज हिला ताप आहे, सकाळची पाळी मी करीन.' ते मी तेव्हा वाचलंच नव्हतं, किंवा वाचून विसरले होते.

घट्ट धरून ठेवलेलं ते हे होतं. मी जमिनीवर बसून राहिले. तो बाहेरच्या खोलीत पंख्याची पाती पुसत होता, स्टुलावर उभा. चार पावलांचं अंतर होतं. मी तक्ता घेऊन बाहेर गेले असते तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. मी तो होता तसा ठेवला, कपाट लावलं आणि पुढचं कपाट उघडलं.

काकूंनी नको म्हटलं तेच मी नंतर केलं. एक जोड मागवला आणि कॉलेजमध्ये जेवणाच्या सुट्टीत पुस्तकांच्या मागच्या रांगेत बसून पत्ते काढायला लागले. तोच प्रश्न. रोज. पेले, नाणी, काठ्या येत राहिल्या. मग एके दिवशी एकदम मनोरा आणि प्रेमी युगुल शेजारी शेजारी निघाले. मी त्यांच्याकडे बघत बसले आणि मला काहीही वाटलं नाही. त्या दिवशी ती माझी अकरावी खेप होती.

मी परत येरवड्याला गेले. काकूंनी पत्ते टेबलावर आणले, पण काढण्याआधी विचारलं की त्या सहाव्या पत्त्याचं, पेजचं, काय केलं. मी सगळं सांगितलं. सहज म्हटलं ते, भाजीचं, चेनचं, तक्त्याचं. त्या ऐकत होत्या.

"हे तुम्ही कुणाला सांगताय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुम्हाला."

"तेच म्हणतेय मी. पत्ते हवे तर काढते. तुम्हाला जे माहीत आहे तेच ते सांगतील."

मी नको म्हटलं. जिना उतरताना माझ्या मनात असंही होतं की आज घरी जाऊन सगळं बोलायचं. खडकीला पोचेपर्यंत ते मावळलं होतं. तो दमून झोपला होता आणि मला बरं वाटलं. तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते.

मार्चमध्ये परीक्षांचा हंगाम सुरू झाला आणि ग्रंथालय उशिरापर्यंत उघडं ठेवायचं ठरलं. मी लोणी काळभोरला एक खोली घेतली, दोन महिन्यांपुरती असं सांगून. त्यानं अडवलं नाही. गादी गुंडाळून दोरीनं बांधून दिली, टेम्पोत चढवली, स्वतः सोबत आला. खोली बघितली, खिडकीच्या कड्या लावून बघितल्या. पंखा आवाज करतोय, मालकिणीला सांगून रेग्युलेटर बदलून घे, म्हणाला. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. तो गेल्यावर त्यांनी विचारलं, "एकटीच हाय का?" मी म्हटलं, सध्या. शेवटच्या पत्त्यातल्या माणसासारखी पाठ करून निघाले ती मी होते, पण त्या दिवशी पायऱ्या उतरून पाठमोरा चालत गेला तो नवरा. त्यानं मागे वळून पाहिलं की नाही ते मला माहीत नाही, कारण मी आत येऊन भांडी लावायला घेतली होती.

दोन महिने संपले. परत जायचं तर कुणीतरी 'ये' म्हणायला हवं होतं किंवा कुणीतरी 'येते' म्हणायला हवं होतं. आम्ही दोघंही तेवढं बोललो नाही.

वडिलांचा नागपूरहून फोन आला. त्यांना त्यानंच कळवलं होतं, काळजी घ्या तिची, असं. वडिलांनी एकेक करून विचारलं. तो पितो का? हात उचलतो का? दुसरं कुणी आहे का? तुझ्या आयुष्यात कुणी आहे का? मी प्रत्येकाला नाही म्हटलं.

"मग झालं काय?"

मला सांगता येईना. चेन सांगू, की वांग्याची भाजी, की मी कप उचलायला वाकले तो क्षण? यातलं एकही कारण कुणाला सांगण्याजोगं नव्हतं आणि यांच्याशिवाय दुसरं कारण नव्हतं. वडील म्हणाले, "मोडण्यासारखं काही घडलंच नाही म्हणतेस, तर जोडून का घेत नाहीस?" ते चिडून बोलले नव्हते. त्यांना खरोखर कळत नव्हतं. मी म्हटलं, मलाही कळत नाही, बाबा.

त्याला आता तीन वर्षं होतील. काडीमोड झालेला नाही, कोर्टात कुणी गेलेलं नाही. तो खडकीला, मी लोणीला. काकू गेल्याचं मैत्रिणीनं मध्यंतरी सांगितलं. मी त्यांना भेटायला तिसऱ्यांदा गेलेच नाही. जोड मी कुणाला तरी देऊन टाकला. प्रेमात मोठा पत्ता निघाला नाही तर घाबरू नका, सगळं तुमच्याच हातात आहे, असं त्या व्हिडिओतल्या मुली हसून सांगतात. मी ते ऐकते तेव्हा मला वाटतं की यांनी हातात घेऊन कधी काही सांडलेलं नाही. मनोरा पडला असता तर मी विटांखालून उठले असते आणि लोकांनी मला हात दिला असता. इथे काही पडलं नाही. रोज एक दिवस होता, त्या प्रत्येक दिवशी हे दुरुस्त करता आलं असतं, आणि त्या प्रत्येक दिवशी आम्ही ते केलं नाही.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. क्वार्टरच्या कागदांत कुटुंबातल्या माणसांची नावं नव्यानं भरायची होती. तुझं नाव ठेवू का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, तुझ्या सोयीनं बघ. ठेवतो, तो म्हणाला. त्याच्याकडे मागे कुकरची शिट्टी झाली.

"जेवलीस?" त्यानं विचारलं.

मी जेवले नव्हते. अजून कणीकही मळली नव्हती.

"हो," मी म्हटलं. "तू?"

"हो, हो," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.